क्लास टू की सरकलेली दाढ? दातांच्या चाव्याचे वर्ग शिकताना

बीडीएसच्या पहिल्या वर्षाला असताना मी वहीत मॅलऑक्लूजनचे, म्हणजे नीट न जुळणाऱ्या चाव्याचे, तीन वर्ग तीन रंगांत काढले होते आणि ते मला पाठ होते. तरीही इंटर्नशिपमध्ये हातात आलेल्या एका प्लास्टरच्या मॉडेलवर मी चुकीचे निदान लिहिले. डिचोली भागातल्या साधारण बारा वर्षांच्या मुलीच्या दातांची ती जोडी होती. वर्गांची व्याख्या मी बरोबर लावली होती, पण व्याख्या लावायच्या आधी काय पाहायचे असते ते पाहिले नव्हते. त्या मॉडेलपर्यंत पोचण्यासाठी लागतात तेवढ्याच संज्ञा येथे घेतो.

या वर्गीकरणाचा पाया एडवर्ड अँगल या अमेरिकन दंतवैद्याने १८९९ मध्ये घातला. त्याने सगळे दात न घेता एकच दात मापदंड म्हणून घेतला, तो म्हणजे वरची पहिली कायमची दाढ, जी साधारण सहाव्या वर्षी येते. ती आपल्या जागी पक्की असते असे त्याने गृहीत धरले. तिच्या गालाकडच्या बाजूला दोन कस्प असतात, म्हणजे दोन टोके. त्यांपैकी पुढचा, मेझिओबकल कस्प, खालच्या पहिल्या दाढेच्या गालाकडच्या खाचेत बसला की दाढांचे नाते योग्य मानायचे. गोव्यातल्या जुन्या घरांवरची मंगळुरी कौले ज्यांनी जवळून पाहिली आहेत, त्यांना हे नाते वेगळे समजावून सांगावे लागत नाही. एका कौलाचा उंचवटा शेजारच्या कौलाच्या खाचेत बसला की ओळ जुळते, आणि एक कौल चुकले की पुढची सगळी ओळ सरकते.

आता चित्र काढू. रुग्णाच्या उजव्या बाजूने पाहिले तर त्याचे नाक आपल्या उजव्या हाताला येते, त्यामुळे चित्रातही पुढची बाजू उजवीकडे ठेवावी. डाव्या बाजूचे चित्र याच्या उलटे येते. पुढची बाजू दाखवणारा बाण पहिल्यांदा काढला नाही, तर परीक्षेत क्लास टू आणि क्लास थ्री यांची अदलाबदल हमखास होते. खालच्या चित्रांत त्रिकोण म्हणजे वरच्या दाढेचा मेझिओबकल कस्प, उभी रेघ म्हणजे खालच्या पहिल्या दाढेची खाच, आणि शेजारी खालची दुसरी दाढ (४७) व दुसरी उपदाढ (४५) आहेत.

```
क्लास १
                ▼
[   ४७   ][  :  |   ][ ४५ ]

क्लास २
                    ▼
[   ४७   ][  :  |   ][ ४५ ]

क्लास ३
          ▼
[   ४७   ][  :  |   ][ ४५ ]

मागे  <--------------->  पुढे
```

रेघेच्या मागे दोन ठिपके मुद्दाम दाखवले आहेत. खालच्या पहिल्या दाढेला गालाकडून पाहिले की बहुधा तीन कस्प आणि त्यांच्यामध्ये दोन खाचा दिसतात. अँगलला अभिप्रेत असलेली खाच ही पुढची आहे. मागची खाच धरली, तर अगदी योग्य चावाही क्लास टूकडे झुकलेला वाटतो, कारण कस्प त्या खाचेच्या पुढे दिसतो. प्रॅक्टिकलच्या टेबलावर माझ्या शेजारी बसणाऱ्या मित्राने पूर्ण आठवडाभर हीच खाच मोजली होती.

क्लास टूमध्ये खालची दाढ मागे असते, म्हणून वरचा कस्प पुढे सरकून खालची उपदाढ आणि दाढ यांच्या फटीवर येतो. क्लास थ्रीमध्ये खालची दाढ पुढे असते आणि तोच कस्प दोन खालच्या दाढांच्या फटीवर पडतो. क्लास वनमध्ये दाढा बरोबर असतात, मात्र पुढचे दात वाकडे, गर्दीत किंवा विरळ असू शकतात. क्लास टूचे आणखी दोन पोटभाग आहेत. पहिल्यात वरचे पटाशीचे दात पुढे झुकलेले असतात, तर दुसऱ्यात मधले दोन आत वळलेले असतात आणि चावा बहुधा खोल असतो.

पुढच्या दातांसाठी दोन शब्द लागतात आणि त्यांची गल्लत नेहमी होते. ओव्हरजेट हे आडवे अंतर असते, म्हणजे वरच्या पटाशीच्या दाताची धार खालच्या दाताच्या ओठाकडच्या पृष्ठभागापासून किती पुढे आहे ते. ओव्हरबाइट म्हणजे उभे झाकण, वरचा दात खालच्याला किती झाकतो ते. दोन्ही साधारण २ ते ३ मिलिमीटर असतात. ओव्हरजेट पट्टीने थेट मोजता येतो. ओव्हरबाइटसाठी दोन्ही मॉडेल्स मिटलेली धरून वरच्या धारेच्या पातळीवर खालच्या दातावर बारीक पेन्सिलची रेघ ओढावी, मग मॉडेल्स वेगळी करून त्या रेघेपासून खालच्या दाताच्या धारेपर्यंतचे अंतर मोजावे. वरच्या आणि खालच्या दातांत उभी फट राहिली तर तो ओपन बाइट, आणि वरचा दात खालच्याच्या आतल्या बाजूला उतरला तर तो क्रॉसबाइट होतो. एरवी वरची कमान खालच्या कमानीवर डब्याच्या झाकणासारखी बाहेरून बसते.

आता त्या मुलीच्या मॉडेलकडे येऊ. डावीकडे कस्प खाचेत बसला होता. उजवीकडे मात्र तो खाचेच्या सुमारे साडेतीन मिलिमीटर पुढे होता, म्हणजे ना खाचेत ना फटीवर, खालच्या दाढेच्या पुढच्या कस्पाच्या माथ्यावर. माथ्यावर माथा आलेल्या अशा चाव्याला आम्ही ‘एंड ऑन’ म्हणतो. एका बाजूला योग्य आणि दुसऱ्या बाजूला क्लास टूकडे सरकलेला चावा पाहून मी ‘क्लास टू सबडिव्हिजन, उजवी बाजू’ असे लिहिले आणि वही तपासायला दिली. मॅडमनी काही न बोलता मॉडेल उलटे केले आणि टाळूची बाजू माझ्यासमोर धरली.

“वरच्या उजव्या बाजूला किती उपदाढा दिसतात?”

“एकच, मॅडम.”

“नीट बघ.”

दुसरी उपदाढ, म्हणजे १५ क्रमांकाचा दात, होती, पण रांगेतून बाहेर, टाळूकडे उगवलेली. बाजूने पाहताना ती पहिल्या उपदाढेच्या आणि दाढेच्या मागे लपत होती. मॉडेल्स मिटवली की ती खालच्या उपदाढेच्या आतल्या बाजूला उतरत होती, म्हणजे एकट्या दाताचा क्रॉसबाइट होता. मी अर्धा तास हे मॉडेल फक्त गालाच्या बाजूने पाहिले होते.

मुलीच्या आईने सांगितले की मुलगी सात वर्षांची असताना वरची उजवी दुधाची दाढ किडली होती आणि काढावी लागली होती. इथे सगळा उलगडा आहे. दुधाची दुसरी दाढ ही मागच्या कायमच्या दाढेला अडवून धरणारी खुंटी असते. ती लवकर गेली आणि जागा राखणारे साधन बसवले नाही, तर कायमची दाढ पुढे सरकते आणि नंतर येणाऱ्या उपदाढेला जागा उरत नाही. पुढे सरकताना वरची दाढ टाळूकडच्या मुळाभोवती थोडी फिरतेही, त्यामुळे गालाकडचा कस्प प्रत्यक्ष सरकण्यापेक्षा जरा जास्तच पुढे दिसतो.

मापे घेतली. डाव्या बाजूची दुसरी उपदाढ साडेसहा मिलिमीटर रुंद होती. उजवीकडे पहिली उपदाढ आणि दाढ यांच्यामध्ये फक्त साडेतीन मिलिमीटर जागा होती, म्हणजे तीन मिलिमीटर कमी. कस्प खाचेपासून साडेतीन मिलिमीटर पुढे असण्याचे कारण यातच सापडते. तीन मिलिमीटर दाढ सरकली होती आणि उरलेला फरक तिच्या फिरण्याचा होता.

पण वरचीच दाढ सरकली, खालची मागे गेली नाही, हे कशावरून? मॅडमनी मला वरच्या मॉडेलवर टाळूच्या मधल्या रेषेवर पेन्सिलने सरळ रेघ ओढायला लावली आणि गुण्या तिच्याशी काटकोनात ठेवून डाव्या दाढेच्या पुढच्या कडेपासून उजवीकडे आडवी रेघ न्यायला सांगितले. उजव्या दाढेची पुढची कड त्या रेघेच्या सुमारे तीन मिलिमीटर पुढे होती. खालच्या मॉडेलवर दोन्ही दाढा जवळजवळ एका पातळीवर होत्या. दुसरा पुरावा सुळ्याचा. वरच्या सुळ्याचे टोक खालचा सुळा आणि पहिली उपदाढ यांच्यामधल्या फटीत बसले, तर सुळ्याचा क्लास वन. तो या मुलीत दोन्ही बाजूंना होता. ओव्हरजेटही दोन मिलिमीटरच होता. खालचा जबडा खरोखर मागे असता, तर या गोष्टी इतक्या सरळ राहिल्या नसत्या.

अँगलच्या पद्धतीची मर्यादा इथे उघडी पडते. वरची दाढ हलत नाही हे गृहीतक शेजारचा दात लवकर गेल्यावर टिकत नाही. हेच खालच्या बाजूला घडले, तर खालची दाढ पुढे येते आणि मूळचा क्लास वन असलेला माणूस क्लास थ्रीसारखा वाटतो. शिवाय हे वर्ग फक्त पुढे-मागे मोजतात. क्रॉसबाइट, ओपन बाइट, हाडांचा फरक यांची त्यांत नोंद होत नाही, ती वेगळी लिहावी लागते. निदानाच्या नावावर उपचार ठरतो म्हणून हा फरक कागदापुरता राहत नाही. जबड्याचा दोष मानला असता, तर विचार जबड्याच्या वाढीकडे गेला असता. सरकलेली दाढ मानल्यावर विचार दाढ मागे नेऊन उपदाढेला जागा करून देण्याकडे जातो.

तेव्हापासून मी मॉडेल हातात आले की आधी वर-खाली दोन्ही कमानींत दात मोजतो, कोणता हरवला, कोणता लपला ते पाहतो, आणि मगच बाजूने धरतो. त्या मुलीच्या कागदावर शेवटी असे लिहिले: क्लास वन, १६ पुढे सरकलेली व फिरलेली, १५ टाळूकडे, क्रॉसबाइटमध्ये, दोन्ही बाजूंना सुळ्यांचा क्लास वन, ओव्हरजेट २ मिलिमीटर, ओव्हरबाइट ३ मिलिमीटर.