फोटोतला आवर्ती दशांश अपूर्णांकात कसा बदलायचा: आधी रेघ कुठपर्यंत आहे ते बघा

माझी भाची नववीत आहे, सात रस्त्याजवळ राहते. परवा रात्री तिनं मला एका सरावसंचाचा फोटो पाठवला. मैत्रिणीनं पुस्तक मांडीवर धरून काढलेला, पान वाकलेलं, मधल्या घडीची सावली नेमकी उदाहरणांवर पडलेली. तिसरं उदाहरण होतं ०.२३६, वर रेघ, p/q रूपात लिहा. "मामा, तीनदा केलं. माझं उत्तर ७१/३०० येतंय आणि मागं १३/५५ दिलंय. बघा की जरा."

मी तिची वही बघितली. रीत अगदी बरोबर होती, आकडेमोडही बरोबर. तिनं रेघ फक्त ६ वर आहे असं धरलं होतं. फोटो मोठा करून पाहिला तर रेघ ३ वरून सुरू होत होती, तिचा डावा तुकडा सावलीत गेला होता.

म्हणून पहिली पायरी गणिताची नाही, वाचण्याची आहे. रेघ ज्या अंकांवर आहे तेवढेच अंक पुन्हा पुन्हा येतात. तेच तीन अंक, पण रेघ बदलली की संख्याच बदलते:

रेघ फक्त ६ वर: ०.२३६६६६… = ७१/३००
रेघ ३६ वर: ०.२३६३६३६… = १३/५५
रेघ २३६ वर: ०.२३६२३६… = २३६/९९९
रेघच नाही: ०.२३६ = ५९/२५०

फोटो मोठा करून रेघेची दोन्ही टोकं शोधा. टोक दिसत नसेल तर अंदाजानं पुढं जाऊ नका, पान सपाट ठेवून पुन्हा फोटो मागवा. मग वहीत रेघ काढायच्या आधी संख्या लांब लिहा, पुन्हा येणारा गट निदान तीनदा तरी. ०.२३६ वर रेघ काढून लिहिण्यापेक्षा ०.२३६३६३६… असं लिहिलेलं बरं, कारण पुढचं सगळं त्या शेपटीवर चालतं.

आता रीत. संख्येला x म्हणा.

x = ०.२३६३६३६…

दशांश चिन्ह आवर्ती गटाच्या अगदी आधी आणायचं. इथं २ हा एकच अंक गटाबाहेर आहे, म्हणून १० ने गुणा.

१०x = २.३६३६३६…

मग चिन्ह आणखी एक पूर्ण गट पुढं न्या. गट दोन अंकांचा आहे, म्हणून पुन्हा १०० ने गुणा.

१०००x = २३६.३६३६३६…

दोन्हींची शेपटी आता सारखी झाली. खालच्यातून वरची वजा करा.

१०००x − १०x = २३६ − २
९९०x = २३४
x = २३४/९९०

अंश आणि छेद दोघांनाही १८ ने भाग जातो, उरतं १३/५५.

हे का चालतं, ते आपल्याकडच्या चादरीवर चांगलं कळतं. सोलापुरी चादरीवर तीच नक्षी ठरावीक अंतरानं परत येते. एकावर एक दोन सारख्या चादरी अंथरा आणि वरची एक पूर्ण नक्षीभर सरकवा. मधल्या भागात फुलावर पुन्हा फूलच येतं. अर्धी नक्षी सरकवली तर फुलावर पान येतं. दशांश चिन्ह सरकवणं म्हणजे हेच सरकवणं आहे. पूर्ण गटाइतकं सरकवलं की अंकावर तोच अंक येतो, आणि वजा केल्यावर तिथं शून्यच उरतं.

चादरीला मात्र काठ असतो, सरकवली की एका टोकाला नक्षी उघडी पडते. भाचीनं नेमकं तेच विचारलं. "१०० ने गुणल्यावर शेवटी दोन अंक कमी पडत नाहीत का?" प्रश्न योग्य आहे. संख्या ०.२३६३६ एवढीच असती तर नक्की कमी पडले असते. पण आवर्ती दशांशाला शेवटचा अंकच नाही. वरच्या ओळीत चिन्हानंतर पन्नासाव्या जागी जो अंक आहे, तोच खालच्या ओळीतही पन्नासाव्या जागी आहे. हजाराव्या जागीही तसंच. उघडी पडेल अशी जागाच नाही. म्हणूनच शेपटी पूर्ण जाते आणि १३/५५ हे उत्तर अंदाजे नसून तंतोतंत असतं.

चूक बहुतेक वेळा सरकवण्यात होते. गट दोन अंकांचा असताना सवयीनं १० आणि १०० ने गुणलं जातं:

१००x − १०x = २३.६३६३… − २.३६३६… = २१.२७२७…

वजाबाकीनंतरही चिन्हापुढं अंक वाहत राहिले की समजावं, अर्धी नक्षी सरकली आहे. अशा वेळी २१.२७ धरून पुढं जाऊ नका. मागं येऊन गटात किती अंक आहेत ते मोजा.

पडताळा उलटा भागाकार करून घ्या. १३ ला ५५ नं भागा. १३० मध्ये ५५ दोनदा, बाकी २०. २०० मध्ये तीनदा, बाकी ३५. ३५० मध्ये सहादा, बाकी पुन्हा २०. बाकी २० परत आली, म्हणजे पुढं ३ आणि ६ हेच फिरत राहणार. २ मात्र परत येणार नाही, कारण १३ ही बाकी पुन्हा येत नाही. कॅल्क्युलेटरवर शेवटी ०.२३६३६३६३६४ असा ४ दिसला तर घाबरू नका. पडद्यावरची जागा संपली म्हणून शेवटचा अंक वर ओढला आहे, इतकंच.

मागचं उत्तर हाताशी असेल तर छेदावरूनच रेघेची जागा सांगता येते, आणि फोटो धूसर असताना हे फार उपयोगी पडतं. अपूर्णांक आधी संक्षिप्त करून घ्या आणि छेदाचे अवयव पाडा. ५५ = ५ × ११. छेदात २ किंवा ५ जास्तीत जास्त जितक्या वेळा येतो तितके अंक रेघेबाहेर राहतात, इथं एक. उरलेल्या ११ ने ९ ला भाग जात नाही, ९९ ला जातो, म्हणून रेघेखाली दोन अंक. कारण आपल्या वजाबाकीतच आहे. १००० − १० म्हणजे ९९ × १०. त्यातले ९९ गटाची लांबी सांगतात आणि १० गटाबाहेरचा अंक. भाचीच्या ७१/३०० मध्ये छेद २ × २ × ३ × ५ × ५ आहे, म्हणून दोन अंक बाहेर आणि ३ मुळे रेघेखाली एकच. तिनं वाचलेली संख्या तशीच होती, छापलेली नव्हती.

त्याच फोटोत चौथं उदाहरण ३.०७ असं होतं आणि ७ च्या डोक्यावर बारीक काळा ठिपका. एकच अंक आवर्ती असला की बरेचदा रेघेऐवजी टिंब देतात, पण कागदावरचा डागही तसाच दिसतो. टिंब असेल तर १००x − १०x = ३०७ − ३०, म्हणजे ९०x = २७७ आणि उत्तर २७७/९०. डाग असेल तर सरळ ३०७/१००. या उदाहरणाचं उत्तर फोटोत आलं नव्हतं. भाचीनं मैत्रिणीला फोन करून पानावरून बोट फिरवायला सांगितलं. ठिपका पुसला गेला नाही, आणि खालच्या पाचव्या उदाहरणातही अंकाच्या बरोबर मधोमध तसाच ठिपका होता. तिनं २७७/९० लिहिलं.