शीर्षकात विषय उघडा, कारण झाकलेलं

समजा, रत्नागिरीच्या घरात यूट्यूबसाठी उकडीच्या मोदकांचा व्हिडिओ केलाय. 'उकडीचे मोदक रेसिपी' हे शीर्षक स्पष्ट आहे, पण तशी शेकड्यांनी सापडतील. 'ही चूक कधीच करू नका!' यात उत्सुकता आहे, पण मोदकांचा पत्ताच नाही. मधला मार्ग असा: 'उकडीचे मोदक वाफवताना फुटतात? उकड मळताना हे तपासा'. पदार्थ, अडचण आणि कुठली पायरी, हे तिन्ही कळतं. काय तपासायचं तेवढं झाकलेलं राहतं. मोबाइलवर लांब शीर्षक कापलं जातं, म्हणून 'उकडीचे मोदक' आधी.

'एकही मोदक फुटणार नाही' असं मात्र लिहू नका. पिठी जुनी किंवा जाडसर असेल तर चांगली मळूनही पारी तडकते, म्हणजे ही हमी तुमच्या हातातच नाही.

शीर्षकात विचारलेल्या फुटण्याचा उल्लेख पहिल्या ३० सेकंदांत यायलाच हवा. नारळ खवण्यापासून सुरुवात केलीत तर प्रेक्षक निघून जातो. यूट्यूब स्टुडिओत क्लिकचं प्रमाण चांगलं, पण प्रेक्षक टिकण्याचा आलेख सुरुवातीलाच कोसळलेला दिसला, तर शीर्षक आणि सुरुवात जुळत नाहीये. शीर्षक नंतरही बदलता येतं.