पिजिनची क्रिओल कशी होते? उत्तर देताना या चुका टाळा

वेगवेगळ्या भाषांचे लोक कामापुरती एक तुटपुंजी बोली घडवतात, ती पिजिन. तीच कोणाची तरी मातृभाषा झाली की क्रिओल. व्याख्या सोपी आहे. घोळ होतो तो ‘क्रिओलचं व्याकरण आणलं कोणी?’ या प्रश्नाशी.

सगळं श्रेय मुलांना देऊन टाकणं ही सर्वांत मोठी चूक. भाषाशास्त्रज्ञ डेरेक बिकर्टन यांनी १९८० च्या दशकात हा सिद्धांत गाजवला: पिजिनमध्ये व्याकरण जेमतेम असतं, मुलं उपजत आराखड्यानुसार ते एका पिढीत पूर्ण करतात. त्यांचा मुख्य पुरावा होता हवाईचा. पण तिथली पिजिन कशी होती हे त्यांनी ठरवलं ते वयस्कर स्थलांतरितांच्या, १९७० च्या दशकातल्या बोलण्यावरून. क्रिओल तर कितीतरी आधीच रुजली होती. पुढे सारा रॉबर्ट्स यांनी क्रिओल घडत होती त्या काळातलीच जुनी कागदपत्रं चाळली. तेव्हा दिसलं की हवाईत जन्मलेल्या पहिल्या पिढीतले बरेचजण घरची भाषाही बोलत होते. क्रिओल मातृभाषा म्हणून पक्की झाली ती त्यांच्या मुलांच्या पिढीत. म्हणजे दावा तपासताना आधी बघा, नमुना कोणत्या काळाचा आहे?

पापुआ न्यू गिनीतली टोक पिसिन इथे फार उपयोगी पडते. ‘बाइंबाइ मि गो’ म्हणजे ‘नंतर मी जाईन’. बाइंबाइ हा इंग्रजीतून आलेला, ‘थोड्या वेळाने’ अशा अर्थाचा सुटा शब्द. तो झिजून ‘बाइ’ झाला आणि क्रियापदाकडे सरकला: ‘मि बाइ गो’. हा आता शब्द राहिला की भविष्यकाळाचं चिन्ह झाला, हे कसं ओळखायचं? वाक्यात ‘टुमोरा’, म्हणजे उद्या, असूनही ‘बाइ’ येतो का ते पाहा. काळ आधीच कळलेला असताना तो येत असेल, तर ते व्याकरणच. गिलियन सांकोफ आणि सुझान लाबर्ज यांनी १९७३ मध्ये दाखवलं की हा बदल पिजिन दुसरी भाषा म्हणून बोलणाऱ्या प्रौढांनीच सुरू केला होता. मुलांनी ‘बाइ’च्या उच्चारातला जोर आणखी कमी केला, वेग वाढवला.

दुसरी चूक: शब्द इंग्रजी, म्हणून व्याकरणही इंग्रजीच, तेही मोडकं. टोक पिसिनमध्ये ‘युमि’ म्हणजे आपण आणि ‘मिपेला’ म्हणजे आम्ही. मराठी माणसाला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. इंग्रजीत मात्र तो नाहीच. तो आला आसपासच्या मेलानेशियन भाषांतून. ‘क्रिओलचा सांगाडा मूळ बोलणाऱ्यांच्या भाषांचा’ म्हणणाऱ्यांचा जोर अशाच उदाहरणांवर असतो. पण ‘बाइ’चं झिजणं त्यांच्या हिशेबात पुरतं बसत नाही, असं झिजणं कुठल्याही भाषेत घडतं. म्हणून मी तरी अख्ख्या भाषेला एकच सिद्धांत लावत नाही, एकेका रूपाचा उगम वेगळा शोधते.