g = ९.७९६६७९६ ± ०.०२७८४१ : जर्नलमधल्या उत्तरातल्या या चुका टाळा

साध्या लंबकाने गुरुत्व त्वरण g काढण्याच्या प्रयोगाचं जर्नल तपासताना शेवटच्या ओळीत असं उत्तर हमखास दिसतं. मापन नीट केलेलं असतं, सूत्रही बरोबर असतं, पण आकडे कॅल्क्युलेटरवर दिसले तसेच उतरवलेले असतात. याच उत्तराचं उदाहरण घेऊन पाहू, म्हणजे कुठे काय बिघडतं ते कळेल.

लंबकाची लांबी टांगलेल्या बिंदूपासून गोळ्याच्या मध्यापर्यंत ८०.० सेंमी आहे आणि तिची अनिश्चितता ०.१ सेंमी धरली आहे. २० दोलनांना लागलेल्या वेळेची पाच रीडिंग अशी: ३५.८४, ३६.०२, ३५.९१, ३५.७८ आणि ३६.०० सेकंद. त्यांची सरासरी ३५.९१ सेकंद येते. प्रमाण विचलन ०.१०२५ सेकंद आहे. त्याला √५ ने भागलं की सरासरीची अनिश्चितता ०.०४५८ सेकंद मिळते. एका दोलनाचा काळ T = १.७९५५ सेकंद झाला.

सूत्र आणि सापेक्ष अनिश्चितता अशी, इथे L म्हणजे लांबी आणि u म्हणजे त्या-त्या राशीची अनिश्चितता:

```
g = 4π²L / T²
u(g)/g = √[ (u(L)/L)² + (2·u(T)/T)² ]
```

लांबीचा वाटा ०.००१२५ आहे. वेळेचा वाटा दुप्पट होऊन ०.००२५५ होतो, कारण सूत्रात T चा वर्ग आहे. दोन्ही मिळून ०.००२८४१९२ येतात. त्याला ९.७९६६७९६ ने गुणलं की ०.०२७८४१ मिळतं. इथपर्यंत सगळं ठीक आहे. गडबड यापुढे, आणि काही वेळा याच्या आधीच, होते.

अनिश्चितता पाच-सहा अंकांत लिहिणे

०.०२७८४१ मधले शेवटचे अंक कुठून आले, हा प्रश्न व्हायवाला विचारला की बहुतेक जण गप्प होतात. पाचच रीडिंगवरून काढलेलं प्रमाण विचलन स्वतःच फार कच्चं असतं. पुन्हा पाच रीडिंग घेतली तर ते सहज तिसऱ्या हिश्शाने कमी-जास्त येईल. गणिताने हा आकडा पाच रीडिंगसाठी सुमारे ३६ टक्के येतो आणि दहा रीडिंगसाठी सुमारे २४ टक्के. तब्बल ५० रीडिंग घेतली तरीही साधारण १० टक्के उरतातच. म्हणजे ०.०२८ मधला ८ देखील डळमळीत आहे. त्यापुढचे ४ आणि १ यांना तर काहीच अर्थ नाही.

म्हणून अनिश्चिततेत एक किंवा दोन सार्थ अंक ठेवायचे. मापनातील अनिश्चिततेची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकाही सहसा दोनपेक्षा जास्त नको म्हणते. एक ठेवायचा की दोन, हे पहिल्या अंकावरून ठरवणं सोयीचं. ०.०१४२ ला एका अंकात ०.०१ केलं तर अनिश्चितता जवळपास ३० टक्क्यांनी घटते. तुमचं मापन फुकटात तितकं अचूक झाल्यासारखं दिसतं. उलट ०.०७४ ला ०.०७ केलं तर फरक पाच-सहा टक्क्यांचाच पडतो. तेव्हा पहिला अंक १ किंवा २ असेल तर दोन अंक ठेवा, त्याहून मोठा असेल तर एक पुरतो. आपल्या उदाहरणात पहिला अंक २ आहे, म्हणून ०.०२८. तुमच्या विभागाची पद्धत 'नेहमी एकच अंक' अशी असेल तर ०.०३ लिहा. तेही चूक नाही, फक्त पूर्ण जर्नलभर एकच पद्धत पाळा.

एक जागा मात्र फसवी आहे. ०.०९६ एका अंकात आणायला गेलं की ते ०.१० होतं. इथे 'एकच अंक' म्हणून ०.१ लिहिलं, तर मुख्य उत्तराचंही एक दशांश स्थळ नाहक जातं. अशा वेळी ०.१० असंच लिहावं आणि उत्तर दुसऱ्या दशांश स्थळापर्यंत ठेवावं.

उत्तर एका स्थळाला, अनिश्चितता दुसऱ्याला

अनिश्चितता ठरली की मुख्य उत्तर तिच्याच शेवटच्या स्थळापर्यंत आणायचं. ०.०२८ तिसऱ्या दशांश स्थळाला संपते, म्हणून ९.७९६६७९६ चं ९.७९७ होतं:

(९.७९७ ± ०.०२८) मी/से²

एका अंकाची पद्धत असेल तर (९.८० ± ०.०३) मी/से². यातलं ९.८० मधलं शून्य 'शोभेचं' म्हणून गाळलं जातं आणि ९.८ ± ०.०३ उरतं. वाचणाऱ्याला मग कळत नाही की शतांशाच्या जागी काय होतं. ते शून्य मोजून आलेलं आहे, ते राहिलंच पाहिजे. क्रम मात्र उलटा होऊ देऊ नका. आधी उत्तर 'छान दिसेल' असं राउंड करून मग अनिश्चितता त्याच्या मापात बसवली, तर दोन्ही बिघडतात.

एककाचीही हीच गत. ९.७९७ मी/से² ± २.८ सेंमी/से² गणिताने खरं आहे, पण जुळवून वाचता येत नाही. एकक एकच असावं, १० चा घातही एकच असावा, आणि दोन्ही कंसाबाहेर. १५०० ± १०० या आकड्यात शेवटची शून्ये मोजलेली की नुसती जागा भरणारी, ते ओळखता येत नाही. (१.५ ± ०.१) × १०³ लिहिलं की शंका राहत नाही.

अकरावीचा नियम इथे लावणे

'गुणाकार-भागाकारात सर्वांत कमी सार्थ अंक असलेल्या राशीइतकेच अंक ठेवा' हा नियम पाठ असतो. लांबी ८०.० म्हणजे तीन सार्थ अंक, म्हणून उत्तर ९.८०, असा हिशेब होतो. हा नियम अनिश्चितता माहीत नसताना वापरायचा ढोबळ अंदाज आहे. अनिश्चितता काढली असेल, तर अंक कुठे थांबवायचे ते तीच सांगते आणि नियमाची गरज संपते. नियम दुसऱ्या बाजूनेही फसवतो. घड्याळाचं रीडिंग ३५.८४ आहे, चार सार्थ अंक आहेत, म्हणून वेळ शंभराव्या भागापर्यंत अचूक असं वाटतं. पण स्टॉपवॉचचं लघुत्तम माप ०.०१ सेकंद असलं तरी बटण दाबणारा अंगठा तितका पक्का नसतो. वरच्या पाच रीडिंगमध्ये सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्यात ०.२४ सेकंदांचा फरक आहे. रीडिंग एकमेकांपासून इतकी पसरलेली असताना लघुत्तम मापालाच अनिश्चितता म्हणणं ही जर्नलमधली बहुधा सर्वांत जास्त दिसणारी चूक आहे.

मधल्या पायरीवर राउंड करणे

सर्वांत महाग पडते ती ही चूक, आणि शेवटची ओळ नीटनेटकी असल्यामुळे ती झाकलीही जाते. तक्ता 'दोन दशांशात' भरायचा म्हणून T = १.७९५५ ऐवजी १.८० लिहिला आणि पुढचा हिशेब त्यावर केला, असं समजा. g येतो ९.७४८. खऱ्या हिशेबापेक्षा ०.०४९ ने कमी. आपली अनिश्चितता होती ०.०२८. म्हणजे दिवसभर लंबक मोजून जेवढी शंका उरली, तिच्या पावणेदोन पट चूक केवळ पेनाने केली.

π चंही तसंच. ३.१४ घेतलं तर g ९.७८७ येतो, ०.०१० ने कमी. अनिश्चिततेच्या एक तृतीयांशाहून हा घोटाळा मोठा आहे. कॅल्क्युलेटरवर π चं बटण असताना तो ओढवून घेण्याचं कारण नाही.

उपाय सोपा आहे. तक्त्यात मधल्या राशी लागतील त्याहून निदान दोन अंक जास्त ठेवून लिहा, आणि हिशेब कॅल्क्युलेटरच्या मेमरीतल्या पूर्ण आकड्यावर चालवा. राउंड एकदाच, अगदी शेवटी. आपली चूक झाली आहे का ते तपासायचं असेल, तर मधल्या प्रत्येक राशीला एक अंक वाढवून पूर्ण हिशेब पुन्हा करा. उत्तर अनिश्चिततेच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त हललं, तर कुठेतरी घाईने राउंड झालेलं आहे.

टप्प्याटप्प्याने राउंड करणं हा याच चुकीचा धाकटा भाऊ. ९.७३४८ दोन दशांशांत आणायचे आहेत. आधी ९.७३५ आणि मग ९.७४ केलं, तर चूक. थेट केलं तर ९.७३ येतं, तेच बरोबर.

शेवटी नेमका ५ उरला तर काय, यावर वाद खूप होतो. शाळेत 'वर ढकला' शिकवतात. भारतीय मानक आयएस २ मध्ये आधीचा अंक सम राहील असं करायला सांगितलं आहे, म्हणजे २.६५ चं २.६ आणि २.७५ चं २.८. आकडे बरेच असतील तर सम अंकाचा नियम बरा, कारण सगळे ५ एकाच दिशेला जात नाहीत. पण एका उत्तराच्या जर्नलमध्ये यावर वेळ घालवू नये. ५ च्या पुढे शून्याखेरीज कोणताही अंक असेल तर तो 'नेमका ५' नाहीच, वर जायचं.

एक्सेल आणि पायथॉन काय करतात

एक्सेलमध्ये दशांश स्थळं कमी करण्याचं बटण फक्त दिसणं बदलतं, सेलमधली किंमत पूर्ण राहते. ROUND मात्र किंमतच बदलतं. त्यामुळे मधल्या सेलमध्ये ROUND वापरणं म्हणजे वरचीच १.८० ची चूक. शेवटच्या सेलमध्येही ROUND(…,2) ने ९.८० चं ९.८ दिसू शकतं, कारण General फॉरमॅट शेवटचं शून्य दाखवत नाही. B7 मध्ये g आणि B8 मध्ये अनिश्चितता असेल तर हे लिहा:

```
=TEXT(B7,"0.000")&" ± "&TEXT(B8,"0.000")
```

याचं फळ मजकूर असतं, आकडा नव्हे, म्हणून पुढच्या हिशेबात हा सेल जोडू नका. शिवाय एक्सेलचं ROUND(2.5,0) ३ देतं आणि पायथॉनचं round(2.5) २ देतं. दोन मित्रांची उत्तरं शेवटच्या अंकात वेगळी आली, तर आधी हे तपासा.

कंसातला आकडा आणि प्रमाण किमतीशी तुलना

९.७९७(२८) असंही उत्तर लिहितात. कंसातले अंक उत्तराच्या शेवटच्या अंकांखाली बसवायचे असतात, म्हणजे हे ±०.०२८ झालं, ±२८ नव्हे. गुरुत्व स्थिरांकाची शिफारस केलेली किंमत ६.६७४३०(१५) × १०⁻¹¹ छापलेली असते, तिथे अनिश्चितता ०.०००१५ × १०⁻¹¹ इतकी.

तुलना करताना ९.८१ डोळे झाकून घेऊ नका. मुंबईच्या अक्षांशावर समुद्रसपाटीला g सुमारे ९.७८६ मी/से² असतो. आपलं उत्तर त्यापासून ०.०११ ने दूर, म्हणजे अनिश्चिततेच्या निम्म्याहून कमी अंतरावर, म्हणून जुळतं. पण ९.८१ पासूनही ते ०.०१३ नेच दूर आहे. या मापनाने दोन किमतींतला फरक ओळखता येत नाही, आणि निष्कर्षात तेच लिहायचं. त्याऐवजी 'टक्केवारी चूक ०.१३५७८३९ टक्के' लिहिलेलं आढळलं, तर पहिल्या मुद्द्यापासून पुन्हा तपासायला लागा.