लाइन फॉलोअर रेषा सोडतोय? सैल वायर अशी शोधा

पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीचा हा पहिलाच रोबो. आर्डुइनो उनो, मोटर ड्रायव्हर, दोन पिवळ्या बीओ मोटर, पुढे दोन आयआर सेन्सर आणि पांढऱ्या चार्ट पेपरवर काळ्या इन्सुलेशन टेपची गोल वाट, एवढाच संसार. टेप दोन सेन्सरच्या मधून जाते. उजव्या सेन्सरखाली काळं आलं की उजवी मोटर थांबते आणि गाडी उजवीकडे वळते, डावीकडेही तसंच.

गाडी एक फेरी नीट मारायची आणि पुढच्या फेरीत उजव्या वळणावर सरळ निघून जायची. कधी तर सरळ वाटेवरच उजवीकडे हिसका द्यायची. तिने सेन्सरवरचा निळा पॉट, म्हणजे संवेदनशीलता कमी-जास्त करायचा स्क्रू, फिरवला, दोन फेऱ्या छान झाल्या. नंतर पुन्हा तेच. नवे सेल घातले, वेग कमी केला, प्रोग्राममधल्या अटींची अदलाबदल केली. प्रत्येक उपायानंतर गाडी थोडा वेळ सुधारायची.

ही तात्पुरती सुधारणाच मुलांना सगळ्यात जास्त फसवते. पॉट फिरवताना किंवा सेल बदलताना गाडी हातात घेतली जाते, वायरी हलतात आणि सुटलेला जोड काही वेळासाठी पुन्हा टेकतो. श्रेय मात्र पॉटला मिळतं. म्हणून गाडी कधी चालते, कधी चालत नाही आणि चुकते तेव्हा एकाच बाजूला चुकते, असं दिसलं की आधी हात आवरा. पॉट, वेग, प्रोग्राम काहीही बदलू नका. प्रोग्राम चुकला असेल तर तो सहसा दर फेरीला त्याच जागी चुकतो.

एकच गोष्ट दोन ठिकाणी वाचा

सेन्सर मॉड्यूलवर एक छोटा एलईडी असतो. तिच्या मॉड्यूलवर पांढऱ्यावर तो लागायचा आणि काळ्यावर विझायचा. (काही मॉड्यूलवर उलटं असतं. आधी कागदावर धरून बघा.) हा एलईडी सेन्सरला काय दिसतंय ते सांगतो. ते आर्डुइनोपर्यंत पोचतंय का, हे तो सांगत नाही. त्यासाठी हा छोटा प्रोग्राम टाकून सीरियल मॉनिटर उघडा. डावा सेन्सर पिन २ वर, उजवा पिन ३ वर.

```cpp
void setup() {
  Serial.begin(9600);
  pinMode(2, INPUT_PULLUP);
  pinMode(3, INPUT_PULLUP);
}
void loop() {
  Serial.print(digitalRead(2));
  Serial.println(digitalRead(3));
  delay(50);
}
```

यातला `INPUT_PULLUP` फार कामाचा आहे. साध्या `INPUT` मध्ये वायर सुटली की पिन अधांतरी राहते. मग ती कधी 0 वाचते, कधी 1, नुसता हात जवळ नेला तरी आकडा बदलू शकतो. पुलअप लावला की सुटलेली पिन नेहमी 1 च वाचते. तिच्या मॉड्यूलवर 1 म्हणजे काळं. म्हणजे पांढऱ्यावर एलईडी लागलेला असताना पडद्यावर 1 आला, तर सेन्सर बरोबर आहे आणि गडबड सेन्सर ते पिन या दरम्यान आहे. तुमच्या मॉड्यूलवर काळ्याला 0 येत असेल, तर ही तपासणी दोन्ही सेन्सर काळ्यावर ठेवून करा.

तिने हे करून पाहिलं तेव्हा सगळं ठीक निघालं. टेबलावर स्थिर गाडी, दोन्ही आकडे बरोबर. इथे बरेच जण वायरिंगला क्लीन चिट देऊन पुन्हा पॉटकडे वळतात. पण गाडी बिघडते ती धावताना, मोटरच्या थरथरीत. तेव्हा तपासणीही थरथरीतच व्हायला हवी.

थरथरीत सापळा लावा

गाडी दोन पुस्तकांवर अशी टेकवा की चाकं हवेत फिरतील, आणि सेन्सरखाली नेहमीच्याच अंतरावर पांढरा कागद ठेवा. आता मूळ प्रोग्राम पुन्हा टाका. त्यात सेन्सरच्या पिनना `INPUT_PULLUP` करा, `setup` मध्ये `pinMode(13, OUTPUT);` लिहा आणि `loop` च्या सुरुवातीला ही ओळ घाला:

```cpp
if (digitalRead(3) == HIGH) digitalWrite(13, HIGH);
```

एलईडी विझवायची ओळ मुद्दामच नाही. खाली पांढरंच असल्यामुळे 1 यायचं कारणच नाही. तो क्षणभर जरी आला, तरी उनोवरचा एलईडी लागेल आणि लागलेलाच राहील. इतका छोटा झटका सीरियल मॉनिटरवर निसटून जाऊ शकतो, इथे तो पकडला जातो.

मोटर सुरू ठेवून पेन्सिलीच्या टोकाने एकेक वायर हलकेच ढोसा. ओढू नका, कारण ओढल्याने चांगला जोडही सुटेल. तिने सेन्सरकडची पॉवरची वायर हलवली, काही नाही. ग्राउंडची हलवली, काही नाही. सिग्नलची वायर सेन्सरच्या टोकापाशी जरा वाकवली आणि उनोवरचा एलईडी लागला. रिसेट दाबून पुन्हा तसंच केलं, पुन्हा लागला.

वायर काढून फेकण्याआधी तिने एक चांगली गोष्ट केली. डाव्या आणि उजव्या सिग्नल वायरींची अदलाबदल केली आणि वरच्या ओळीत 3 च्या जागी 2 घालून पाहिलं. बिघाड वायरीबरोबर डावीकडे गेला. तो उजवीकडेच राहिला असता, तर मॉड्यूलची पिन किंवा उनोचं सॉकेट तपासावं लागलं असतं.

ती जंपर वायर बाहेरून एकदम नवी दिसत होती. काळी प्लास्टिकची टोपी सरकवल्यावर कळलं की आतल्या पत्र्याच्या क्लिपने तांब्यापेक्षा वरचं रबरच जास्त धरलं होतं. तांब्याच्या तारा त्याच जागी तुटल्या होत्या आणि एखाद-दुसरीच क्लिपला टेकत होती. मल्टीमीटरच्या बीपवर अशी वायर सरळ पास होते, कारण स्थिर असताना ती जोडलेलीच असते. बीप लावून वायर टोकापाशी वाकवत राहा, आवाज तुटतो का ते ऐका.

दुरुस्ती, आणि आधीचे बदल मागे घेणं

अशी वायर पिळून टेप लावण्यात अर्थ नाही, बदलूनच टाका. नवी वायर लागेल तेवढीच लांब घ्या, कारण लोंबणारी वायर प्रत्येक वळणावर जोडाला हिसका देते. सेन्सरपासून थोड्या अंतरावर ती झिप टायने चॅसिसला बांधा, म्हणजे ताण बांधलेल्या जागी येईल आणि टोक शांत राहील. नवी वायर लावूनही सापळ्याचा एलईडी लागत असेल, तर मोटरचा विद्युत गोंगाट हे कारण असू शकतं. प्रत्येक मोटरच्या दोन टोकांमध्ये १०४ छापलेला सिरॅमिक कपॅसिटर जोडून बघा.

वायर बदलल्यावर तिची गाडी रेषेवर राहिली, पण रडतखडत, मधेच अडकत. कारण बिघाड शोधताना केलेले जुने बदल तसेच होते. वेगाचा आकडा १५० वरून ९० वर आणला होता आणि तेवढ्यावर तिच्या मोटर वळताना अडायच्या. तो पुन्हा १५० केला. पॉटही बसवला: सेन्सर पांढऱ्यावर धरून एलईडी जेमतेम लागतो ती जागा पाहिली, मग काळ्यावर धरून तो जेमतेम विझतो ती, आणि दोन्हींच्या मधोमध पॉट ठेवला. हे गाडीवर बसवलेल्या उंचीवरच करायचं, कारण सेन्सर थोडा वर-खाली झाला तरी दोन्ही जागा सरकतात.

एवढं झाल्यावर गाडीने उजवी-डावी दोन्ही वळणं घेतली. मग तिने तोच सापळा पिन २ साठी लावून डावी बाजूही तपासली, कारण त्या बाजूच्या वायरी त्याच पाकिटातल्या होत्या.