बाळाच्या पहिल्या वर्षाची आठवणवही : आजी-आजोबांनी कशी तयार करावी

बाळाचे फोटो आई-बाबांच्या फोनमध्ये ढिगाने असतात. पण आपण स्वतः सहा महिन्यांचे असताना कसे दिसायचो, हे त्यांना पाहायला मिळत नाही. ते फोटो आणि त्या आठवणी आजी-आजोबांकडे असतात. म्हणून वहीची मांडणी त्यावरच करावी: डाव्या पानावर नातवंडाचा महिना आणि समोर उजव्या पानावर त्याच महिन्यातली आई किंवा बाबा.

वही निवडताना

बारा महिने, जन्म आणि वाढदिवस मिळून चौदा जोडपाने लागतात, म्हणजे पंधरा कागद. ए-फोर आकाराची, स्क्रूने बांधलेली आणि पाने सुटी करता येणारी वही घ्यावी. कागद जाड कार्डाचा आणि ॲसिड-फ्री असावा. प्लॅस्टिकखाली चिकट पान असलेला तयार अल्बम टाळा. त्याचा गोंद पिवळा पडतो आणि पुढे फोटो सुटत नाही.

बांधीव वहीत हमखास होणारी चूक म्हणजे फुगणे. फोटोचा कागद साधारण पाव मिलिमीटर जाड असतो. चौदा फोटो एकावर एक आले, तर वही कडेला साडेतीन मिलिमीटर फुगते, पण बांधणीकडे तेवढीच राहते. मग कव्हर बंद होत नाही आणि पाने ताणली जातात. त्यासाठी बांधणीच्या बाजूला दर दोन कागदांमध्ये तीन सेंटीमीटर रुंदीची, फोटोइतक्याच जाडीची कार्डाची पट्टी भोके पाडून घालावी.

हा हिशेब जुळायचा, तर डाव्या पानावरचा फोटो नेहमी वरच्या अर्ध्यात आणि उजव्या पानावरचा खालच्या अर्ध्यात हवा. त्यामुळे वही मिटल्यावर फोटोवर फोटो येत नाही. समोरासमोर आलेले चकचकीत फोटो दमट हवेत एकमेकांना चिकटतात आणि ओढून काढले तर रंगाचा थर निघून येतो. उरलेल्या अर्ध्या पानावर लिहायचे.

जुने फोटो

हे काम आधी सुरू करा, वेळ यालाच लागतो. मूळ फोटो वहीत लावू नका. सहाशे डीपीआयला स्कॅन करून नवी प्रत छापून घ्या. फोटो जुन्या अल्बमला घट्ट चिकटला असेल तर कोपरा धरून उचलू नका, चिरतो. दात साफ करायचा दोरा फोटोच्या मागून करवतीसारखा हलक्या हाताने सरकवत न्या. कुठे अडला तर तिथेच थांबा आणि अल्बममध्येच ठेवून, खिडकीच्या उजेडात, वरून सरळ फोटो काढा.

महिना ठरवताना मागच्या शिक्क्यावर विसंबू नका, तो बहुधा छपाईचा असतो आणि रोल कधी कधी महिनोन्‌महिने कॅमेऱ्यातच पडून असायचा. त्यापेक्षा बाळाकडे पाहा. मान धरली आहे का, आधाराशिवाय बसले आहे का, दात दिसतात का? तरीही खात्री नसेल तर ‘साधारण सातवा महिना’ एवढेच लिहा. एखाद्या महिन्याचा फोटोच नसेल तर ते पान आठवणीने भरा. सातव्या महिन्यात ‘तुझी आई फार गोड होती’ हे कुणीही लिहील. ‘तुझी आई पोटावर सरकायची, पण उलट्या दिशेने, आणि खेळणे लांब जाताना पाहून चिडायची’, असे वाक्य हवे.

नवे फोटो

दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला आई-बाबांकडून तीन-चारच फोटो मागा. व्हॉट्सॲपवर ते डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. नेहमीसारखे पाठवले की फोटो आकसतो आणि छापल्यावर मऊ, धूसर दिसतो. दहा बाय पंधरा सेंटीमीटरच्या छपाईला निदान बाराशे बाय अठराशे पिक्सेल असावेत.

जन्माच्या पानासाठी सोनोग्राफीची प्रत मिळाली तर आधी तिचा फोटो काढून तोच छापा. ती उष्णतेने उमटणाऱ्या कागदावर असते, काही वर्षांत पुसट होते आणि लॅमिनेशनला दिली तर काळी पडते.

लावणे आणि लिहिणे

फोटो कागदी कोपऱ्यांत अडकवा, म्हणजे नंतर बदलता येतात. सेलोटेप पिवळी पडते आणि तिचा गोंद बाहेर झिरपतो. मजकूर आधी रफ कागदावर लिहून ओळी मोजा, मगच पिगमेंट शाईच्या पेनाने उतरवा. बॉलपेनचा दाब मागच्या पानावर उमटतो. छापील अक्षरांचा मोह आवरा, इथे हस्ताक्षरच हवे, थरथरते असले तरी. एक पान आजीने लिहिले तर पुढचे आजोबांनी लिहावे. मजकूर पूर्ण वाळल्यावरच फोटो लावा आणि फोटोच्या मागे काही लिहायचे असेल तर मऊ पेन्सिलीने, कडेला.

वही देताना स्क्रू अगदी घट्ट आवळू नका आणि दोन कोरे कागद, पट्ट्या व थोडे कोपरे मागच्या कव्हरात ठेवा. जुना एखादा फोटो हमखास नंतर सापडतो.