सीएनसी ऑपरेटर निवडताना : मोकळी मुलाखत, ठरावीक प्रश्नांची मुलाखत आणि प्रत्यक्ष कामाची चाचणी

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एखाद्या मशीन शॉपला टर्निंगसाठी सीएनसी ऑपरेटर हवा असतो, तेव्हा खानापूर, निपाणी, हुक्केरी अशा ठिकाणांहून पाच-सहा जण भेटायला येतात. मालक प्रत्येकाशी पंधरा-वीस मिनिटे बोलतात. गाव कोणते, आधी कुठे होता, ते काम का सोडले, पगार किती हवा एवढे विचारून होते आणि मग कोणाला घ्यायचे ते ठरते. याला मोकळी किंवा असंरचित मुलाखत म्हणतात. तिच्यातून माणसाविषयी पक्के मत तयार होते हे खरे, परंतु त्या मताचा पुढच्या कामाशी फारसा मेळ बसत नाही.

हा मेळ मोजण्याच्या मापाला भाकीत-वैधता म्हणतात. निवडीच्या वेळी मिळालेले गुण आणि नोकरीत दिसलेले काम यांच्यातला संबंध ती सांगते. 0 म्हणजे काहीच संबंध नाही आणि 1 म्हणजे पूर्ण संबंध. सॅकेट या मानसशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2022 साली आधीच्या अनेक अभ्यासांची एकत्रित फेरतपासणी केली. तिच्यात मोकळ्या मुलाखतीची सरासरी वैधता 0.19, काम-नमुना चाचणीची, म्हणजे प्रत्यक्ष काम करून दाखवण्याच्या चाचणीची, 0.33 आणि संरचित, म्हणजे ठरावीक प्रश्नांच्या मुलाखतीची 0.42 आली. मनुष्यबळ विभागातील अनेकांना श्मिट आणि हंटर या संशोधकांचे 1998 सालचे आकडे पाठ असतात. ते याच क्रमाने 0.38, 0.54 आणि 0.51 असे होते. नव्या तपासणीनुसार जुने आकडे फुगलेले होते, कारण निवडून आलेल्यांचेच काम मोजता येते म्हणून जी दुरुस्ती करावी लागते, ती गरजेपेक्षा जास्त केली गेली होती. नियोजनासाठी नवे आकडेच धरावेत.

व्यवहारात याचा अर्थ असा लावता येतो. कोणतेही दोन उमेदवार घेतले आणि जास्त गुण मिळालेल्याला निवडले, तर तोच खरोखर सरस निघण्याची शक्यता मोकळ्या मुलाखतीत शंभरात सुमारे 56, काम-नमुना चाचणीत सुमारे 61 आणि संरचित मुलाखतीत सुमारे 64 असते. (गुण आणि काम या दोन्हींची विभागणी नेहमीच्या घंटाकृती वक्रासारखी आहे असे मानून हा हिशेब केला आहे.) नाणे उडवूनही 50 मिळतातच. त्यामुळे मोकळ्या मुलाखतीने वाढवून दिलेले सहा आणि संरचित मुलाखतीने वाढवून दिलेले चौदा यांतला फरक मला फार मोठा वाटतो.

चाचणी आणि संरचित मुलाखत बसवायची तर पहिले काम म्हणजे मशीनवर उत्तम आणि सुमार ऑपरेटर नेमके कशाने वेगळे ठरतात, हे सेटर आणि सुपरवायझर यांना विचारून लिहून काढणे. टर्निंगच्या कामात साधारणपणे चार गोष्टी निघतात: ड्रॉइंग वाचणे, अचूक मोजणे, ऑफसेट योग्य देणे आणि चूक दिसताच मशीन थांबवून सांगणे. पहिल्या तिन्ही करून दाखवता येतात, म्हणून त्या चाचणीत घ्याव्यात. चौथी वागणुकीची आहे, म्हणून ती मुलाखतीत घ्यावी.

चाचणीला अर्धा-पाऊण तास पुरतो. उमेदवाराला पायऱ्यांच्या शाफ्टचे ड्रॉइंग, तयार केलेले तीन नग, व्हर्नियर आणि मायक्रोमीटर द्यावे. समजा एका पायरीचा व्यास 19.98 ते 20.00 मिमी हवा आहे आणि तीनपैकी एक नग मुद्दाम 20.04 चा ठेवला आहे. उमेदवाराने तिन्ही नगांची मापे लिहावीत, कोणता बाद तो सांगावा आणि पुढचा नग बरोबर येण्यासाठी एक्स दिशेला ऑफसेट किती द्यावा तेही लिहावे. मशीन व्यासाच्या मापात चालत असेल तर उणे 0.04 दिल्यावर नग वरच्या मर्यादेवर येऊन थांबतो, आणि टूल थोडे झिजताच पुढचा नग बाद होतो. उणे 0.05 दिले तर तो मर्यादेच्या मध्यावर येतो. म्हणून पहिल्या उत्तराला निम्मे गुण आणि दुसऱ्याला पूर्ण गुण द्यावेत. चिन्हच उलटे दिले तर शून्य. ही गुणपत्रिका उमेदवार येण्याआधीच तयार असली पाहिजे. अनोळखी माणसाला चालू मशीनवर उभे करू नये, आणि चाचणीच्या नावाखाली विक्रीचा माल काढून घेणे तर सर्वस्वी गैर आहे.

चाचणीला एक मर्यादा आहे. हे काम ज्याने आधी केलेले आहे, त्यालाच ती लागू पडते. आयटीआयमधून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलाला ऑफसेट येत नसेल, तर तो पुढे चांगला ऑपरेटर होणार नाही असा निष्कर्ष काढता येत नाही. अशांना आधी वीस मिनिटे मायक्रोमीटर शिकवावा, मग मोजायला द्यावे आणि शिकवलेले किती उचलले यावर गुण द्यावेत.

मुलाखतीत चार-पाच प्रश्न ठरवून सर्वांना त्याच क्रमाने विचारावेत. एक प्रश्न असा असू शकतो: “रात्रपाळीत तुम्ही एकटे आहात, चाळीस नग झाले आहेत, आणि आत्ता मोजलेला नग मर्यादेबाहेर आहे. सकाळी माल जायचा आहे. तुम्ही काय कराल?” मशीन थांबवून, शेवटच्या बरोबर मोजलेल्या नगापर्यंत मागे जाऊन, मधले नग वेगळे काढून कळवणाऱ्याला पाच गुण, ऑफसेट सुधारून पुढे जाणाऱ्या, पण मागचे नग न तपासणाऱ्याला तीन, तसेच चालू ठेवणाऱ्याला एक. प्रत्येक प्रश्नाची अशी नमुना-उत्तरे आधीच लिहिलेली असतात, म्हणूनच ती मुलाखत संरचित होते. प्रश्न तेच ठेवले आणि गुण मात्र मनाला येतील तसे दिले, तर बराचसा फायदा हातचा जातो.

आपल्याकडे भाषेचीही काळजी घ्यावी लागते. प्रश्न मराठी आणि कन्नड दोन्हींत आधीच लिहून, दोन्ही भाषा जाणणाऱ्याकडून तपासून घ्यावेत आणि उमेदवाराला हव्या त्या भाषेत उत्तर देऊ द्यावे. मुलाखत घेणाऱ्याच्या भाषेत सफाईने बोलणारा हुशार वाटतो, आणि पाहुण्यापैकी कोणी निघाला तर भरवशाचा वाटतो. या दोन्ही गोष्टींचा व्यासाच्या मापाशी संबंध नाही. गावाची, घरची चौकशी करायची असेल तर ती गुण लिहून झाल्यावर करावी.

दोघांनी एकमेकांशी न बोलता गुण द्यावेत. दोनपेक्षा जास्त फरक पडला तर टिपणे समोर ठेवून चर्चा करावी. नंतर आधी ठरलेल्या प्रमाणात बेरीज करावी. समजा दोन्ही भागांना 20-20 गुण आहेत. आठ वर्षांचा अनुभव असलेल्या पहिल्याला चाचणीत 17 आणि मुलाखतीत 11, म्हणजे एकूण 28 मिळाले. दुसऱ्याला 14 आणि 17, म्हणजे 31. फर्डे बोलणाऱ्या तिसऱ्याला 9 आणि 18, म्हणजे 27. निवड दुसऱ्याची होते. “पण पहिल्याचा अनुभव बघा” असे म्हणून इथे बेरीज मोडण्याचा मोह होतो. अनुभवाला वजन द्यायचेच असेल तर ते बेरजेत आधीपासून असायला हवे. निकाल पाहून दिलेले वजन म्हणजे पुन्हा मोकळी मुलाखतच.

सहा महिन्यांनी प्रत्येक नव्या ऑपरेटरचे रिजेक्शन आणि त्याचे निवडीचे गुण एकाच वहीत शेजारी लिहावेत. चार-पाच माणसांवरून वैधता काढता येत नाही आणि नाकारलेले लोक कसे निघाले असते हेही त्या वहीत दिसणार नाही. तरीही एखाद्या प्रश्नाला सगळ्यांनाच पाच मिळत असतील तर तो कोणाला वेगळे करत नाही हे लगेच उमगते. तो काढून दुसरा घालावा.